सेकंदाला तीन, त्यावर एकही नको!

वाढदिवसाचं स्टेटस असो, लग्नाचं हायलाइट असो की मंडळाच्या मिरवणुकीची रील, ठेक्याबरोबर पांढरा उजेड फाडफाड मारल्याशिवाय हल्ली व्हिडिओ पुरा होत नाही. डोळे दिपतात, डोकं दुखतं, हे आपण सगळेच सोसतो. पण काहींच्या बाबतीत हे डोकेदुखीवर थांबत नाही, थेट फीट येते. म्हणून हे मुद्दे.

१. ही भीती कल्पनेतली नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल-निळा उजेड सेकंदाला सुमारे बारा वेळा लुकलुकला. दृश्य काही सेकंदांचंच, पण त्या संध्याकाळी जवळपास ६८५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं, आणि त्यांत बहुतेक मुलंच होती. त्यांतल्या बऱ्याच मुलांना तोवर कधी फीट आलेलीच नव्हती. पुढे बातम्यांत तीच दृश्यं दाखवली गेली, तेव्हा आणखी काहींना त्रास झाला. अपस्मार असलेल्या शंभरातल्या साधारण तिघांना असा प्रकाश बाधतो, आणि ही बाधा लहान-किशोर वयात जास्त दिसते. आपल्या पोराला ती आहे की नाही, हे पहिली फीट येईपर्यंत घरच्यांनाही कळत नाही. मग व्हिडिओच्या सुरुवातीला सूचना टाकून कोण सावध होणार? स्टेटस तर उघडताक्षणी सुरू होतं. सूचना लिहिली म्हणून जबाबदारी टळत नाही.

२. मर्यादा मोजता येते, तेव्हा 'आम्हाला काय माहीत' ही सबब चालणार नाही. जगभर मानलेला नियम असा, की कोणत्याही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झगमगाट नकोत. उजेड वाढून पुन्हा उतरला, की एक झगमगाट धरायचा. समजा, क्लिप सेकंदाला २५ फ्रेमची आहे. एडिटरने ठेक्यावर दोन फ्रेम पांढऱ्या, दोन काळ्या अशी मांडणी केली. चार फ्रेमला एक झगमगाट, म्हणजे सेकंदाला सहा, थेट दुप्पट! तीच जोडी नऊ फ्रेमवर ताणली, की आकडा तीनच्या आत येतो. झटपट कटचंही हेच गणित आहे. रात्रीची मिरवणूक आणि हॅलोजनखालचा चेहरा तीन-तीन फ्रेमला आलटून-पालटून दाखवले, तर एकही इफेक्ट न लावता सेकंदाला चार झगमगाट होतात. ठेका तसाच ठेवून पांढऱ्याऐवजी मंद रंग घेतला, कटऐवजी दृश्य हळू विरघळवलं, तरी काम भागतं. इफेक्ट लावला नाही म्हणून क्लिप निर्धोक ठरत नाही.

३. गडद लाल आणि एलईडी वॉल ही जोडी सर्वांत वाईट. भडक लाल रंगाची लुकलुक उजेडात फार फरक नसतानाही घातक ठरते, म्हणून नियमांत तिला वेगळं स्थान आहे. झगमगणारा भाग पडद्याच्या पाव हिश्श्याहून लहान असेल तर धोका कमी, असं मानतात. पण मंडपात सर्वांत पुढे सतरंजीवर कोण बसतं? लहान मुलं. त्यांच्या नजरेत भिंतीएवढ्या पडद्याशिवाय दुसरं काही नसतं, तिथे पाव हिश्श्याची सवलत कामाची नाही. डोळे मिटूनही लाल उजेड पापण्यांतून आत शिरतोच. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवणं हाच तातडीचा उपाय, आणि तो पाच वर्षांच्या पोराला कोण शिकवणार?

४. तपासणीला पैसे लागत नाहीत. एडिटरमध्ये संशयाची जागा फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून मोजा. मग एक्स्पोर्ट झालेली अंतिम फाइलच तपासा, कारण मोबाइल अॅप शेवटच्या क्षणी आपले इफेक्ट चढवतात. संगणकावर मोफत ffmpeg असेल तर:

```
ffmpeg -v verbose -i status.mp4 -vf photosensitivity=bypass=1 -an -f null -
```

ओळींत EXCEEDED दिसलं, की तिथली जागा दुरुस्त करा आणि फाइल पुन्हा तपासा. OK आलं म्हणजे प्रमाणपत्र मिळालं, असं मात्र नाही. हा ढोबळ चाळणीचा मार्ग आहे, शंकेच्या जागी हाताने मोजणंच खरं. मोठ्या कार्यक्रमासाठी IRIS हे खुलं साधन किंवा हार्डिंग चाचणी वापरावी. अर्ध्या मिनिटाच्या क्लिपची चाळणी चहा निवायच्या आत होते, मग वेळ नाही असं कोणी म्हणू नये.

५. सरकारी संकेतस्थळांच्या मार्गदर्शक तत्त्वांत हा तीनचा नियम आहे. मग वर्गणीच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या पडद्याला तो का नको? एडिटर म्हणतो गिऱ्हाइकाला हवं, गिऱ्हाईक म्हणतं एडिटरने केलं, आणि फीट आलेल्या पोराला कांदा हुंगवत बसायची वेळ आईवर येते. (फीट आल्यावर कांदा नको, तोंडात चमचाही नको. कुशीवर वळवा, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा.) पैसे देणारा मालक असतो, तसाच जबाबदारही.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, यंदा एलईडी वॉलची आणि व्हिडिओची सुपारी देताना करारात एक ओळ घाला: सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट आढळल्यास क्लिप परत, पैसे नाहीत.