मृत्यूंच्या नोंदवहीतील दुसरा रकाना

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ च्या सांध्यावर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. धर्माबाद, बिलोली, देगलूरकडचे अवघड रुग्ण अखेर याच रुग्णालयात पाठविले जात असल्याने या भागात ती वार्ता विशेष जिव्हारी लागली. औषधांच्या तुटवड्याचे आरोप झाले आणि ते नाकारलेही गेले. परंतु चोवीस या आकड्यावरून संताप उमजतो, कारण उमजत नाही. ते उमजण्यासाठी शेजारी दुसरा रकाना लागतो: त्या कक्षात एकूण दाखल किती झाले, आणि तशाच दुसऱ्या कक्षात काय घडले? या दुसऱ्या रकान्याचे सामर्थ्य काय असते, हे एकोणिसाव्या शतकातील व्हिएन्नाच्या रुग्णालयाने दाखविले आहे.

तेथील सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. १८४० च्या एका आदेशान्वये पहिला वैद्यकीय विद्यार्थ्यांकडे आणि दुसरा सुइणींच्या शिक्षणाकडे देण्यात आला. स्त्री कोणत्या विभागात जाणार, हे तिच्या प्रकृतीवर नव्हे, तर ती कोणत्या वारी आली यावर ठरे. अर्थशास्त्रज्ञाला हवाहवासा वाटणारा असा तुलनेचा प्रयोग प्रशासनाने केवळ सोयीसाठी, नकळतच मांडून ठेवला होता. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणांमागे ४५९ माता सूतिकाज्वराने, म्हणजे प्रसूतीनंतरच्या घातक तापाने, दगावल्या. दुसऱ्यात ३,७५४ मागे १०५. शेकडा साडेअकरा आणि शेकडा तीन, इतके हे अंतर! दूषित हवेचे कारण तेव्हा सर्रास सांगितले जाई. पण एकाच रुग्णालयाच्या दोन विभागांपैकी एकालाच ती हवा कशी बाधेल?

इग्नाझ सेमेलवाइस या तरुण साहाय्यक डॉक्टरने हाच प्रश्न धरून एकेक कारण पारखले. गर्दी म्हणावी, तर ती दुसऱ्या विभागात अनेकदा अधिक असे. प्रसूतीच्या वेळी स्त्रीला निजविण्याची पद्धत बदलून पाहिली; मरणोन्मुख रुग्णाकडे जाणाऱ्या धर्मगुरूची घंटाही थांबविली. फरक पडेना. मार्च १८४७ मध्ये त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याची सुरी लागून वारले आणि त्यांच्या शरीरात बाळंतिणींसारखेच विकार आढळले. तेव्हा उलगडा झाला. पहिल्या विभागातील विद्यार्थी शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येत. सुइणी शवविच्छेदन करीत नसत.

साबणाने धुतल्यावरही हाताला शवाचा दर्प राही. तो जाईल तेव्हाच हात शुद्ध झाला, ही सेमेलवाइसची कसोटी होती. मे १८४७ च्या मध्यास त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुणे सक्तीचे केले. ते महाग पडू लागताच क्लोरीनयुक्त चुना वापरला. आपल्याकडे विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर हीच. एप्रिलमध्ये शेकडा १८ असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये शेकडा २ वर आले. १८४८ साली पहिल्या विभागात ३,५५६ मागे ४५, दुसऱ्यात ३,२१९ मागे ४३ मृत्यू झाले. म्हणजे दोन विभागांतील अंतरच मिटले.

मात्र एकदा लावलेला नियम आपोआप चालत नाही. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाचा कर्करोग असलेल्या एका स्त्रीला प्रथम तपासून त्याच हातांनी पुढच्या बाळंतिणी तपासल्या गेल्या. बारांपैकी अकरा दगावल्या. येथे शवाचा संबंध नव्हता. दोष जिवंत रुग्णाच्या जखमेतूनही येतो, म्हणून हात केवळ कक्षात शिरताना नव्हे, तर प्रत्येक रुग्णानंतर धुतले पाहिजेत, हे यातून कळले. निष्काळजी विद्यार्थ्यांवर पुढे कडक देखरेखही ठेवावी लागली.

एवढे होऊनही १८४९ मध्ये सेमेलवाइसची मुदत वाढविली गेली नाही. त्याचा ग्रंथ १८६१ चा. तोवर पुष्कळ वेळ वाया गेला होता, आणि त्याला काही अंशी तो स्वतःही जबाबदार होता. शिवाय हात धुतल्याने मृत्यू टळतात हे तो दाखवू शकत होता, हाताला नेमके काय चिकटते हे सांगू शकत नव्हता. आणि दोष वैद्याच्याच हातात आहे, हे कोणाला रुचणार? ग्लासगोच्या जोसेफ लिस्टरला पाश्चरच्या सूक्ष्मजंतूंचा आधार मिळाला. कार्बोलिक अॅसिडने जखमा निर्जंतुक ठेवण्यापूर्वी त्याच्याकडील ३५ अवयवच्छेदनांपैकी १६ रुग्ण दगावले होते. नंतर ४० पैकी ६. आकडे येथेही बोलतात, पण ते मागच्या-पुढच्या वर्षांचे आहेत, शेजारच्या कक्षाचे नव्हेत. पुरावा म्हणून व्हिएन्नाचा तक्ता अधिक भक्कम ठरतो.

म्हणूनच शासकीय रुग्णालयांनी कक्षनिहाय दाखल रुग्ण आणि मृत्यू यांचे मासिक आकडे दर्शनी भागी लावावेत, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. यावर, अशाने लोक घाबरतील, असा आक्षेप येईल. व्हिएन्नातील गरीब स्त्रियांना कोणी तक्ता दाखविला नव्हता. तरीही पहिल्या विभागाचा वार आहे असे कळताच त्या गुडघे टेकून, आम्हांला दुसऱ्या विभागात पाठवा, म्हणून विनवणी करीत.