टोपीखालचा चेहरा

शाळेच्या नाटकाचे भित्तिपत्रक ही किरकोळ बाब आहे, असे समजण्याची चूक आम्हीही पुष्कळ वर्षे केली. गेल्या वर्षी आमच्या गावातील एका शाळेने भगतसिंगांवरील एकांकिका बसविली आणि संहितेवर नजर टाकण्यासाठी आम्हा दोघांना बोलाविले. संहितेत फारसे खटकण्यासारखे नव्हते. खटकले ते मुख्याध्यापकांच्या टेबलावरचे भित्तिपत्रक. नववीतल्या एका मुलाला पिवळाधमक फेटा बांधला होता, तोही ड्रेपरीवाल्याकडून आलेला, कोल्हापुरी बांधणीचा, तुरा काढलेला. ओठांवर पीळदार दाट मिशी आणि मागे फाशीचा दोर. चौदा वर्षांचा तो मुलगा चाळिशीतल्या पाटलासारखा दिसत होता.

आम्ही विचारले, "बाई, हॅटमधले छायाचित्र का नाही घेतले?" नाटक बसविणाऱ्या बाईंचे उत्तर प्रांजळ होते. "सर, हॅट घातली तर पालक विचारतील, हा कोण साहेब? फेट्यात लगेच ओळखू येतो."

या उत्तरात भित्तिपत्रकाचे सारे तर्कशास्त्र सामावलेले आहे, म्हणून त्याचा प्रतिवाद नीट केला पाहिजे. भगतसिंगांची खात्रीची म्हणून ओळखली जाणारी छायाचित्रे चारच. एक बालपणीचे. दुसरे लाहोरच्या नॅशनल कॉलेजातील नाट्यमंडळाच्या गटछायाचित्रातले. त्यात त्यांच्या डोक्यावर पांढरी पगडी आहे. तिसरे १९२७ सालचे, पोलिसांच्या ताब्यात असतानाचे: खाटेवर बसलेले, हातांत बेड्या, डोके उघडे आणि केस बांधलेले. चौथे दिल्लीच्या काश्मिरी गेटजवळील रामनाथ यांच्या स्टुडिओत काढलेले, हॅटमधले. ८ एप्रिल १९२९ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात बाँब फेकण्याच्या काही दिवस आधीचे ते आहे. या चारांपैकी कोणत्याही छायाचित्रात पिवळा फेटा नाही, असूही शकत नाही. कारण चारही कृष्णधवल आहेत. पिवळा रंग आला तो पुढे, कॅलेंडरच्या चित्रांतून आणि चित्रपटांतून.

तेव्हा प्रश्न फेटा की हॅट असा नाहीच. प्रश्न आहे, कोणत्या वर्षीचे भगतसिंग? एकांकिका लाहोरच्या महाविद्यालयीन दिवसांवर असती, तर पांढरी पगडी अगदी योग्य ठरली असती. परंतु प्रस्तुत एकांकिका सुरू होते डिसेंबर १९२८ मध्ये, साँडर्सच्या हत्येनंतर, आणि संपते विधिमंडळातील प्रवेशाशी. या काळात पगडी घालणे म्हणजे कथानकच पुसून टाकणे होय. हत्येनंतर पोलीस ज्याला शोधत होते तो एक शीख तरुण होता. भगतसिंगांनी केस कापले होते. ते साहेबी पोशाख करून, दुर्गाभाभी आणि त्यांच्या लहानग्या मुलासह, एखाद्या सुखवस्तू कुटुंबासारखे आगगाडीने लाहोरबाहेर पडले. सोबत नोकराच्या वेषात होते राजगुरू, आपल्या खेडचे. म्हणजे ती हॅट स्वतःच एक वेषभूषा आहे. महाविद्यालयाच्या रंगमंचावर वावरलेल्या तरुणाने ती जीव वाचविण्यासाठी घातली आणि पुढे जाणीवपूर्वक त्याच वेषात छायाचित्र काढून घेतले. आपण पकडले जाणार हे ठाऊक होते. वृत्तपत्रांत कोणता चेहरा छापून यावा हे त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी आधीच ठरविले होते. बटुकेश्वर दत्तांचेही छायाचित्र तेव्हाच काढून घेण्यात आले. स्वतःचे भित्तिपत्रक स्वतः निवडून गेलेल्या माणसाला आपण दुसराच पोशाख चढवितो, हा आमचा खरा आक्षेप आहे. त्यांनी १९३० साली तुरुंगात लिहिलेल्या निबंधात आपण केस राखू लागलो, तरी धर्मकथांवर विश्वास मात्र कधी बसला नाही, असे सांगितले आहे. त्यांच्या डोक्यावर काय ठेवावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ ड्रेपरीचा राहत नाही. १५ ऑगस्ट २००८ रोजी संसदेच्या आवारात पगडीतील पुतळा उभा राहिला, तेव्हाही हाच वाद झाला होता.

बाईंना हे पटले. मात्र पटल्यावर घडले ते अधिक वाईट. फ्लेक्सवाल्याने संगणकावर मूळ छायाचित्र घेतले आणि हॅटखाली मुलाचा चेहरा चिकटविला. पाहताक्षणी काहीतरी चुकले आहे असे वाटे. काय चुकले ते कळायला थोडा वेळ लागला. मुलाचा फोटो ओळखपत्रासाठी काढलेला, समोरून फ्लॅश मारलेला. त्यामुळे हॅटच्या काठाची सावली कपाळावर पडतच नव्हती आणि नाकाची सावलीही नाहीशी झाली होती. हनुवटी मूळ गळपट्टीत मावत नव्हती. वर सगळ्याला तपकिरी छटा देऊन ते 'जुने' केले होते. आमच्या मते यात सौंदर्यदृष्टीपेक्षा मोठा दोष आहे: असे चित्र नाटकाची जाहिरात न राहता बनावट दस्तऐवज होते. उद्या ते कुणाच्या तरी भाषणाच्या फलकावर 'दुर्मीळ छायाचित्र' म्हणून झळकले, तर नवल वाटू नये.

अखेर छायाचित्र नव्यानेच काढले. चित्रकलेच्या सरांनी मुलाला वर्गातील खिडकीशेजारी स्टुलावर बसविले, ऊन थेट येणार नाही अशा बाजूला, आणि मागे साधी भिंत ठेवली. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, सात-आठ फूट दूर ठेवून भिंग पुढे आणले. जवळून काढले की नाक मोठे दिसते आणि हॅटचा काठ पसरतो. हॅट ड्रेपरीवाल्याकडचीच, मोठी होत होती. आतल्या पट्टीत वर्तमानपत्राची घडी घातली तेव्हा ती कपाळावर नीट बसली. मिशी चिकटविली नाही. भुवयांच्या पेन्सिलीने बारीक बारीक रेघा ओढल्या, कारण मूळ छायाचित्रातील मिशी पातळच आहे. त्या छायाचित्रातला तरुण एकवीस वर्षांचा आहे आणि तितकाच दिसतो. सरांनी मुलाला एकच सूचना दिली, "रागाने पाहू नकोस, नुसता भिंगाकडे पाहा." मूळ छायाचित्रात राग नाहीच, स्वस्थ, सरळ दृष्टी आहे. दाट मिशी आणि वटारलेले डोळे लावून आपण ते कोवळेपण झाकतो आणि त्यासोबत त्या निर्णयाचे वजनही.

छाप साधा काळा-पांढरा ठेवला. फाशीचा दोर काढून टाकला. एकांकिका फाशीपर्यंत जात नाही आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या गळ्यामागे दोर टांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. खाली मुलाच्या नावासह एक ओळ घातली: 'भगतसिंगांच्या भूमिकेत, १९२९च्या छायाचित्रावरून'. या ओळीवर आमचा विशेष आग्रह होता. हे सोंग आहे आणि सोंगाला आधार काय आहे, हे दोन्ही तीत येते.

बाईंची भीती मात्र अगदीच निराधार नव्हती. फाटकाशी लावलेल्या फलकापुढे एका आजोबांनी खरोखरच विचारले, "हा इंग्रज कोण?" तिथेच उभ्या असलेल्या त्या मुलाने सांगितले, "इंग्रज नाही आजोबा, भगतसिंग. पोलिसांना ओळखू येऊ नये म्हणून हॅट घातलीय." आजोबा क्षणभर थांबले आणि पुन्हा फलक पाहू लागले. फेट्यातला भगतसिंग त्यांनी तत्काळ ओळखला असता आणि ते पुढे निघून गेले असते.