तक्ता वाचते, मग पुस्तक का नको म्हणते?

आज एक चूक कबूल करून सुरुवात करते. चूक माझीच आहे.

चौथीच्या वर्गातली एक मुलगी. फळ्यावरचं सगळं शेवटच्या बाकावरून वाचायची. तोंडी हिशोबात पुढे, गोष्ट ऐकून सांगण्यात तर वर्गात पहिली. पण पुस्तक हातात दिलं की पहिला परिच्छेद नीट जायचा, दुसऱ्यात ओळ सुटायची, आणि पान उलटेपर्यंत कपाळ चोळायला सुरुवात. "बाई, अक्षरं हलतात," असं ती दोनदा म्हणाली होती. मी ते बहाणा म्हणून सोडून दिलं. आई म्हणाली, "अभ्यासाची वेळ झाली की डोकं धरून बसते. टीव्हीपुढे काही दुखत नाही." त्यानंतर शाळेत आरोग्य तपासणी झाली, दोन्ही डोळे ६/६ निघाले. मी आईला ठामपणे सांगितलं, "डोळ्यांचं काही नाही हो, वाचनाचा कंटाळा आहे."

मग एके दिवशी लक्षात आलं की वाचताना ती डावा तळहात डावीकडच्या डोळ्यावर ठेवते. हात असा ठेवला की ओळ सुटत नाही. हात काढायला लावला की सुटते. एका डोळ्याने नीट आणि दोन डोळ्यांनी वाईट वाचणारं मूल कंटाळलेलं नसतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

६/६ म्हणजे नेमकं काय तपासलं?

शाळेत आपण पाहतो तो तक्ता सहा मीटरवर असतो. मूल एकेक डोळा झाकून अक्षरं वाचतं. म्हणजे प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे, लांबचं, किती स्पष्ट पाहतो एवढंच त्यात कळतं. पुस्तक मात्र असतं हातभरापेक्षाही जवळ, आणि ते दोन्ही डोळे मिळून वाचतात. त्यासाठी दोन्ही डोळे नाकाच्या दिशेने आत वळावे लागतात आणि तसेच वळलेले राहावे लागतात. हे आत वळणं कमी पडतं तेव्हा त्याला कन्व्हर्जन्स इनसफिशियन्सी म्हणतात. तक्त्याच्या तपासणीत ते सापडणार नाही, कारण ती तपासणी त्यासाठी नाहीच.

अशा मुलाचे डोळे तिरळे दिसत नाहीत. पण जवळ पाहताना ते किंचित बाहेर सरकायला बघतात. मग अक्षर दोन दिसतं, किंवा दोन होता होता हलतं. काही मुलं जोर लावून डोळे आत ओढून धरतात. तो जोर लावताना डोळ्याचं भिंगही गरजेपेक्षा जास्त जवळचं फोकस करतं, म्हणून अक्षर धूसर होतं. हा ताण वीस मिनिटं चालला की डोकं दुखतं. टीव्ही लांब असतो, तिथे डोळे फारसे आत वळवावे लागत नाहीत. आईचं निरीक्षण अचूक होतं. अर्थ मी चुकीचा लावला.

मोजता येणारी गोष्ट

या मुलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी डोळ्यात थेंब टाकून चष्म्याचा नंबर पाहिला. हे आधीच का, तर न सापडलेल्या नंबरानेही अशीच डोकेदुखी होते, आणि तसं असेल तर आधी चष्मा, मग बाकीचं. नंबर नव्हता.

मग एक बारीक अक्षर असलेली काडी नाकासमोर लांब धरून हळूहळू जवळ आणली. काडी कुठे दोन दिसते हे मुलीला विचारलं आणि त्याच वेळी कुठला डोळा बाहेर सटकतो ते स्वतः पाहिलं. दोन्ही पाहावं लागतं, कारण काही मुलांना दोन दिसतच नाही. त्याचं कारण पुढे सांगते. साधारणपणे काडी नाकापासून ५-६ सेंटिमीटरपर्यंत एकच दिसावी. हिला १६ सेंटिमीटरवर दोन दिसली. तेच पाच वेळा केलं तेव्हा पाचव्यांदा २२ वर. म्हणजे डोळे थकत होते. पहिल्या परिच्छेदात ठीक आणि पान उलटेपर्यंत ढासळणं, याचा हिशोब तिथे लागला.

हा आकडा लक्षात ठेवा. खरा उपचार आणि जाहिरात यांतला फरक मला याच आकड्यापाशी दिसतो.

पेन्सिल नुसती जवळ आणणं पुरेसं का नाही?

याच्यासाठी सगळ्यांना माहीत असलेला व्यायाम म्हणजे पेन्सिल लांबून नाकाकडे आणणं. सोपा आहे, फुकट आहे. पण त्यात एक खाच आहे. दोन प्रतिमांचा त्रास होऊ लागला की मेंदू एका डोळ्याची प्रतिमा सरळ बंद करतो. मग मूल आनंदाने म्हणतं, "एकच दिसते!" आणि पेन्सिल नाकाला टेकवतं. प्रत्यक्षात एक डोळा बाहेर गेलेला असतो आणि काम एकटा दुसराच करत असतो. व्यायाम महिनाभर झाला, फायदा शून्य.

हे ओळखायची युक्ती आहे. पेन्सिलकडे पाहताना मागच्या भिंतीवरची एखादी वस्तू, समजा खिळा, दोन दिसायला हवी. दोन दिसली तर दोन्ही डोळे कामावर आहेत. एकच दिसली तर एक डोळा सुट्टीवर आहे. मणी ओवलेल्या दोरीचा व्यायामही याच तत्त्वावर चालतो. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं नाकाशी. जवळच्या मण्याकडे पाहिलं की दोऱ्या दोन दिसल्या पाहिजेत आणि त्यांची फुली मण्यावरच पडली पाहिजे. फुली मण्याच्या पलीकडे पडली तर डोळे पुरेसे आत वळलेले नाहीत. एकच दोरी दिसली तर एक डोळा बंद. 'देखरेखीखाली' या शब्दाचा अर्थ हा. शेजारी बसलेल्या माणसाला काय विचारायचं, कुठे थांबवायचं आणि कधी अवघड करायचं हे ठाऊक असतं.

संशोधन काय सांगतं

अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या २२१ मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे चार गट केले आणि १२ आठवडे उपचार दिले. एका गटाने आठवड्यातून एकदा दवाखान्यात तासभर प्रशिक्षित माणसासमोर व्यायाम केला आणि बाकी दिवस घरी थोडा थोडा. त्यातली ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. घरी फक्त पेन्सिलचा व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होतं. संगणकावरचा व्यायाम आणि जोडीला पेन्सिल, असं घरी करणाऱ्यांत ३३ टक्के. चौथ्या गटाला दवाखान्यात बोलावून खऱ्यासारखे दिसणारे पण डोळे आत वळवण्याचं काम न करणारे खोटे व्यायाम दिले होते. त्यातही ३५ टक्के सुधारले!

या ३५ टक्क्यांपाशी जरा थांबा. काहीच नसलेल्या व्यायामाने तिघांतल्या एकाला बरं वाटलं. म्हणजे "आमच्या मुलाला फरक पडला" असं सांगणारे पालक खोटं बोलत नसतात. पण त्यांच्या अनुभवावरून उपचार खरा ठरत नाही. जाहिरातीत असेच अनुभव छापलेले असतात.

दुसरा अभ्यास आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा. तो २०१९ मध्ये आला, ३११ मुलांचा. प्रश्न असा होता की डोळ्यांचा हा दोष दुरुस्त केला तर वाचनाचं आकलन सुधारतं का? १६ आठवड्यांनी खऱ्या व्यायामाच्या गटाचे आकलनाचे गुण वाढले आणि खोट्या व्यायामाच्या गटाचेही जवळपास तेवढेच वाढले. खऱ्या व्यायामाचा आकलनासाठी वेगळा फायदा दिसला नाही.

मग पत्रकात काय लिहिलेलं असतं?

आमच्याकडे बाजारात वाटलं गेलेलं एक पत्रक एका पालकांनी मला आणून दाखवलं. 'डोळ्यांच्या व्यायामाने वाचनवेग दुप्पट, एकाग्रता वाढ, डिस्लेक्सियावर उपाय, चष्म्यापासून मुक्ती', आणि खाली पॅकेजची किंमत. चष्मा घालवणारे व्यायाम ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकेतल्या बेट्स नावाच्या डॉक्टरांनी १९२० सालीच त्यावर पुस्तक काढलं होतं. चष्म्याचा नंबर बुबुळाच्या आकारावर आणि डोळ्याच्या लांबीवर ठरतो. व्यायामाने लांबी कमी होत नाही. डिस्लेक्सिया हा तर मुळात भाषेचे आवाज आणि अक्षरं जुळवण्यातला प्रश्न आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच संयुक्तपणे सांगितलं की डोळ्यांच्या व्यायामाने डिस्लेक्सिया बरा होत असल्याचा पुरावा नाही.

अडचण अशी की पत्रकातला व्यायाम आणि दवाखान्यातला व्यायाम दिसायला सारखेच. तीच दोरी, तेच मणी. म्हणून पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. तुम्ही काय मोजलंत आणि आकडा किती आला? पुन्हा कधी मोजणार आणि आकडा हलला नाही तर काय करणार? या व्यायामाने काय सुधारणार नाही? तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याच्याकडे मूल पाठवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या मुलीचं पुढे काय झालं

रत्नागिरीतल्या वाडीवरून दर आठवड्याला कोल्हापूर गाठणं आईला शक्य नव्हतं. एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं, दोन्ही जातात. डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. पंधरा दिवसांनी एकदा तपासणी, आणि घरी आठवड्यातले पाच दिवस पंधरा मिनिटं. "खिळा किती दिसतो?" हे विचारायला आईला शिकवलं. आई सातवी शिकलेली, पण तिने एकही दिवस तो प्रश्न चुकवला नाही. बारा आठवड्यांनी आकडा १६ वरून ७ वर आला. डोकेदुखी थांबली, डोळ्यावरचा हात गेला.

जोडाक्षरं मात्र अजूनही अडखळतात. दोन वर्षं ती पुस्तकापासून लांब राहिली होती, तो अनुशेष दोरीने भरून निघणार नव्हता. ते काम माझं आहे, आणि आता परिपाठानंतर रोज दहा मिनिटं आम्ही ते करतो.

आपल्या हातात निदान नाही, पण पाहणं आहे. वाचताना एक डोळा झाकणारं, ओळ सोडणारं, फक्त जवळच्या कामात डोकं दुखणारं मूल दिसलं तर 'तक्त्यावर ६/६ आहे, पण पुस्तक वाचताना त्रास होतो, जवळची तपासणी करा' असं चिठ्ठीवर लिहून पाठवा. मात्र दोन दिसणं अचानक सुरू झालं असेल, लांबचंही दोन दिसत असेल, सकाळी उठताच डोकं दुखून उलटी होत असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर व्यायामाचा विचारही न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि एखादं मूल "बाई, अक्षरं हलतात" म्हणालं, तर माझ्यासारखं करू नका. "कुठली अक्षरं, कधीपासून, एक डोळा झाकला तरी हलतात का?" एवढं विचारा.