चूक सुधारायला एक तास द्या

विमानाचे तिकीट काढल्यावर पहिले 24 तास ते विनाशुल्क रद्द करण्याची किंवा बदलण्याची सोय आपल्याकडे फेब्रुवारी 2019 मध्ये जाहीर झालेल्या प्रवासी सनदेने दिली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, तिला ‘लुक-इन’ पर्याय म्हणते. नोव्हेंबर 2025 मध्ये महासंचालनालयाने परताव्याच्या नियमांतील दुरुस्तीचा मसुदा मांडला. त्यात या 24 तासांचे 48 तास करण्याचा प्रस्ताव होता आणि बातम्यांचे मथळेही त्याच आकड्याचे झाले. पण मुदत किती तासांची, हा या सोयीतला दुय्यम प्रश्न आहे. ती कोणाला मिळते आणि कोणाला नाही, हा खरा प्रश्न. त्याचे आजचे उत्तर असे की, ज्याला तिची सर्वाधिक गरज असते त्यालाच ती नाकारली जाते.

सनदेतली अट अशी आहे : तिकीट काढल्याचा दिवस आणि उड्डाणाचा दिवस यांत सात दिवसांपेक्षा कमी अंतर असेल आणि तिकीट थेट विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेले असेल, तर ही सोय मिळत नाही. अंतर पुरेसे असेल तर प्रवासी पूर्ण पैसे परत घेऊ शकतो. रद्द न करता तारीख बदलली तर बदलाचे शुल्क लागत नाही, मात्र नव्या उड्डाणाचे त्या वेळचे भाडे जास्त असल्यास फरक भरावा लागतो. 2025 च्या मसुद्यात देशांतर्गत प्रवासासाठी सात दिवसांची अट पाच दिवसांवर आणली होती, पण आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी ती 15 दिवसांवर नेली होती. म्हणजे दुबईला किंवा न्यू जर्सीला दहा दिवसांनी निघणाऱ्या प्रवाशाला जुन्या नियमाने 24 तास तरी मिळत होते, मसुद्याप्रमाणे त्याला एक मिनिटही मिळाले नसते. तास दुप्पट करून दार अरुंद करण्याचा हा प्रकार आहे.

या अटीचा परिणाम एका काल्पनिक तिकिटावर मोजून पाहू. मुंबई-नागपूर तिकीट 4,800 रुपयांचे आहे. त्यात मूळ भाडे आणि इंधन अधिभार मिळून 4,000 रुपये, उरलेले 800 रुपये विमानतळ शुल्क आणि कर. कंपनीचे रद्द शुल्क 3,500 रुपये आहे असे धरू. प्रवाशाने रात्री अकरा वाजता तिकीट काढले, पुष्टीचा ई-मेल उघडला आणि तारीख एका दिवसाने चुकल्याचे त्याला दिसले. उड्डाण नऊ दिवसांनी असेल, तर तो सकाळपर्यंत स्वस्थ झोपू शकतो, कारण 4,800 रुपये पूर्ण परत मिळणार आहेत. तेच उड्डाण पाच दिवसांनी असेल, तर चूक पाच मिनिटांत लक्षात येऊनही त्याच्या हाती 1,300 रुपयांच्या आसपास येतील आणि योग्य तारखेचे तिकीट पुन्हा पूर्ण किमतीला घ्यावे लागेल. चूक तीच आणि कंपनीच्या हिशेबात ती जागा अडकून राहिल्याचा वेळही तेवढाच, तरी एकाला दंड नाही आणि दुसऱ्याला साडेतीन हजारांचा.

अशा चुका निष्काळजी माणूसच करतो, असे म्हणता येत नाही. मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. शुक्रवारी 00.40 चे विमान म्हणजे गुरुवारी रात्री घर सोडायचे, हे पडद्यावर तारीख निवडताना पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. परतीच्या तिकिटात पहिली तारीख बदलली की दुसरी आपोआप पुढे सरकते, तेही नजरेतून सुटते. शिवाय पाच-सहा दिवसांवरचे तिकीट काढणारा माणूस बहुधा घाईत असतो. घरातले आजारपण असते, मुलाखतीचे बोलावणे असते, न्यायालयाची तारीख असते, व्हिसा ऐन वेळी हातात पडलेला असतो. महिनाभर आधी सहलीचे तिकीट काढणारा निवांत चार वेळा तपासून पाहू शकतो. नियम मात्र निवांत माणसाला सवलत देतो आणि घाईतल्या माणसाला देत नाही.

याचे मूळ असे की, या एका सोयीवर दोन वेगळी कामे लादली आहेत. पहिले काम चूक दुरुस्त करण्याचे, दुसरे मन बदलण्याचे. मन बदलायला वेळ लागतो : घरच्यांशी बोलायचे असते, रजा मिळते का पाहायचे असते, दुसरीकडे स्वस्त मिळते का शोधायचे असते. त्यासाठी 24 किंवा 48 तास योग्यच आहेत, आणि उड्डाण जवळ आले असेल तर ही मोकळीक नाकारण्यालाही व्यापारी कारण आहे. चुकीचे तसे नाही. ती बहुतेक वेळा पुष्टीचा संदेश वाचतानाच कळते. तिला दिवस नको, एखादा तास पुरतो. पण तो तास उड्डाण केव्हा आहे हे न पाहता मिळाला पाहिजे. हे तत्त्व महासंचालनालयाला अपरिचित नाही. संकेतस्थळावर तिकीट काढताना त्याच प्रवाशाच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक झाली आणि ती 24 तासांत कळवली, तर दुरुस्तीसाठी जादा आकार घ्यायचा नाही, असे सनद सांगते. तिथे चुकीला चूक मानले आहे. मग त्याच पडद्यावर, त्याच बोटाने चुकलेल्या तारखेला मन बदलल्याचा दंड का?

माझी मागणी म्हणून नेमकी आहे. 24 किंवा 48 तासांची सोय तिच्या अटींसह खुशाल राहू द्या. तिच्याबरोबर तिकीट काढल्यापासूनचा पहिला एक तास प्रत्येक प्रवाशाला विनाशुल्क द्या, मग तिकीट कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेले असो, पोर्टलवरून असो वा गल्लीतल्या एजंटाकडून. अपवाद एकच असावा : उड्डाणाला 24 तासांहून कमी वेळ उरला असेल तर ही सोय नसावी.

यावर कंपन्यांचे पहिले म्हणणे असे की, विमानातली जागा नाशवंत माल आहे. विमान सुटले की रिकाम्या जागेची किंमत शून्य, आणि उड्डाण जवळ येते तसा ती पुन्हा विकण्याचा अवधी कमी होतो. हे खरे आहे, म्हणून रद्द शुल्क असण्याला माझा विरोध नाही. पण पाच दिवस उरले असताना एक तास अडकून सुटलेल्या जागेचे विक्रीमूल्य किती घटते? फारसे काही नाही. शेवटच्या 24 तासांचा अपवाद त्याच कारणासाठी मान्य केला आहे. अमेरिकेतही 24 तासांचा नियम उड्डाणाला किमान सात दिवस असतील तरच लागू होतो, हा दाखला दिला जातो आणि तो बरोबर आहे. मात्र त्यातून एवढेच दिसते की, तिथल्या नियमानेही दोन कामे एकत्र बांधली आहेत. त्यांची अट उचलली म्हणून त्यांची उणीवही उचलायला हवी असे नाही.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. एजंट जागा अडवून ठेवतील, प्रवासी तीन विमानांची तिकिटे काढून दोन रद्द करतील. ही भीती 48 तासांच्या मुदतीबाबत अधिक खरी आहे, कारण दोन दिवसांत भाडे वरखाली होते आणि त्यावर खेळ करता येतो. एका तासात तो खेळ जवळपास निरर्थक होतो. तरीही काळजी वाटत असेल, तर एका प्रवाशाला त्याच मार्गावर महिन्यातून एकदाच ही सवलत द्यावी. तिकिटावर नाव असते, तेव्हा हे तपासणे अवघड नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्वस्त तिकीट कडक अटींसह आणि महाग तिकीट सैल अटींसह, हा कंपनी आणि ग्राहक यांच्यातला राजीखुशीचा व्यवहार आहे, सरकारने त्यात कशाला पडावे? भाडे ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांना आहे आणि ते असावे. पण सरकार या व्यवहारात आधीच पडलेले आहे, फक्त अर्ध्या मनाने. रद्द शुल्क मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांहून जास्त असू नये, अशी मर्यादा नियमात आहे. ऐकायला ती संरक्षणासारखी वाटते. पण कंपनी अख्खे भाडे ठेवून घेऊ शकते, हाच तिचा अर्थ. वरच्याच उदाहरणात सवलतीचे भाडे 1,500 रुपये असते, तर 3,500 चे शुल्क 1,500 वर थांबले असते आणि प्रवाशाला केवळ कर व विमानतळ शुल्क परत मिळाले असते. एवढा टोकाचा दंड कायदेशीर असताना, कराराला राजीखुशीचा म्हणायचे तर करार करणाऱ्याला आपण नेमके काय विकत घेतले हे एकदा शांतपणे वाचायला मिळाले पाहिजे. भाडे पाच मिनिटांत बदलेल अशी धास्ती दाखवत घेतलेली संमती तेवढी पक्की नसते. मन बदलण्याची मोकळीक कंपन्यांनी महाग भाड्यात किंवा जादा रक्कम घेऊन जरूर विकावी. चूक दुरुस्त करण्याची संधी मात्र विकाऊ असू नये.

नियम बदलेपर्यंत आजच्या नियमांतले काही हक्क प्रवाशांनी वापरायलाच हवेत. मुदत तिकीट काढल्याच्या क्षणापासून मोजली जाते, दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत नाही, म्हणून पुष्टीचा संदेश आला की तारीख, वार आणि सुटण्याची वेळ लगेच वाचावी. रद्द करण्याच्या शेवटच्या बटणाआधी परताव्याची फोड दिसते, तिथे शुल्क लावलेले दिसले तर मुदतीचा आणि दिवसांच्या अंतराचा हिशेब करून जाब विचारावा. परतावा कंपनीच्या खात्यात ‘क्रेडिट शेल’ म्हणून ठेवायचा की रोख घ्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाचा आहे. मूळ भाडे परत न मिळणारे असले किंवा विमान चुकले असले, तरी वैधानिक कर आणि विमानतळाचे विकास शुल्क परत देणे कंपनीवर बंधनकारक आहे. क्रेडिट कार्डाने भरलेल्या पैशांचा परतावा सात दिवसांत मिळाला पाहिजे. एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारीही कंपनीचीच आहे, ‘एजंटाला विचारा’ हे उत्तर नियमात बसत नाही. दाद मागायची तर ‘एअरसेवा’ पोर्टल आहे आणि ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

पण हे हक्क पैसे अडकल्यानंतरचे आहेत. पाच मिनिटांत लक्षात आलेल्या चुकीसाठी पोर्टलवर तक्रार लिहिण्याची वेळच कोणावर येऊ नये. महासंचालनालयाने तासांची संख्या वाढवण्यात समाधान न मानता आधी एक गोष्ट करावी : चूक आणि मनबदल यांचे नियम वेगळे करून पहिला एक तास सगळ्यांसाठी खुला करावा. नावातल्या चुकीला जे दिले, ते तारखेतल्या चुकीला देण्यासाठी नियमात एका वाक्याची भर पुरेल.