थडगी 'चकाचक' करणाऱ्यांनो, जरा थांबा!

आमच्या ऑफिसात एक पोस्टर लागलंय. येत्या शनिवारी सकाळी शहरातल्या एका जुन्या इंग्रजी कबरस्तानात 'हेरिटेज स्वच्छता मोहीम'. टी-शर्ट, नाश्ता आणि वर सर्टिफिकेट. खाली साहित्याची यादी आहे : तारेचे ब्रश, बाथरूम धुवायचं ॲसिड, पांढरा सिमेंट, काळा ऑइलपेंट. मुद्दाम थडग्यांची वाट लावायला माणसं पाठवली असती, तर त्यांनीही हेच सामान नेलं असतं.

या कबरस्तानांना दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, 'गोऱ्यांची थडगी ती, पडली तर पडू देत.' दुसरे म्हणतात, 'आपला वारसा आहे, चला चकाचक करू.' माझं भांडण मुख्यतः दुसऱ्यांशी आहे. पहिले निदान हात लावत नाहीत. शंभर वर्षं नुसतं दुर्लक्ष झालेल्या शिलालेखाची अक्षरं बऱ्याचदा वाचता येतात, पण दोन तास ॲसिडनं घासलेल्या लेखाची येतीलच असं नाही.

मुळात तिथे जपायचं काय असतं? पांढरेपणा? नाही हो. थडगं हे वाचायचं कागदपत्र आहे. त्यातला अर्धा मजकूर अक्षरांत असतो आणि उरलेला अर्धा इमारतीच्या आकारात. उदाहरण म्हणून सुरतेला जाऊ. तिथे कतारगाम दरवाज्याच्या बाजूला इंग्रजांचं आणि डचांचं अशी दोन जुनी कबरस्तानं आहेत. इंग्रजांच्या कबरस्तानातली सगळ्यात मोठी इमारत ऑक्झेंडन बंधूंची. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला, मोठा सर जॉर्ज १६६९ मध्ये. हा जॉर्ज म्हणजे सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रमुख. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा वखार लढवत बसला होता तो हाच. पुढे मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात आलं तेव्हा त्याचा कारभारही याच्याकडेच आला. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर इंग्रजांचा वकील म्हणून गेलेला हेन्री ऑक्झेंडन याच घराण्यातला. म्हणजे 'आपला काय संबंध' हा प्रश्न इथेच निकालात निघाला.

आता आकार बघा. साधारण चाळीस फूट उंच, जाडजूड खांब, एकावर एक दोन घुमट, भोवती सज्जे आणि वर जायला पायऱ्या. लांबून एखाद्या मुघल सरदाराचा मकबराच वाटतो. हाच माणूस इंग्लंडमध्ये मेला असता तर गावच्या चर्चच्या भिंतीत एखादी पाटी मिळाली असती, फार तर एखादा पुतळा. सुरतेत मात्र त्याला घुमट लागला, कारण सुरत मुघलांची होती आणि तिथे मोठा माणूस घुमटाखालीच झोपायचा. ज्यांना व्यापार करायला बादशहाचं फर्मान लागत होतं, ते लोक मेल्यावर नवाबासारखे दिसायची धडपड करत होते. डच कसे मागे राहतील? त्यांचा मोठा अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे १६९१ मध्ये वारला तेव्हा त्यांनीही दुहेरी घुमटाचं भलंमोठं थडगं उठवलं. (मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ ज्यानं करवून घेतला, तोच हा.)

याच्या शेजारी कलकत्त्याचं साउथ पार्क स्ट्रीट कबरस्तान ठेवा. ते १७६७ मध्ये सुरू झालं. तिथे पिरॅमिड आहेत, टोकदार ओबेलिस्क आहेत, ग्रीक-रोमन खांबांचे मंडप आहेत. शंभर वर्षांत मुघलांसारखं दिसायची गरज संपली होती. प्लासी होऊन गेली होती, आता कंपनीला रोमन साम्राज्य आठवायला लागलं होतं. सत्तेचा हा बदल पाठ्यपुस्तकात दोन ओळींत येतो, इथे तो विटा-चुन्यात उभा आहे. आणि तो कळतो कशावरून? खांबाच्या माथ्यावरून, कंगोऱ्यांवरून, गिलाव्यातल्या बारीक नक्षीवरून. त्याच्यावर बोटभर सिमेंट थापलं की सगळे आकार सारखेच, महापालिकेच्या पाण्याच्या टाकीसारखे.

अक्षरांकडे येऊ. ख्रिस्तोफरचा लेख लॅटिनमध्ये आहे आणि तो चक्क एका हिशेबनिसाचा लेख आहे. मतितार्थ असा : याला आपल्या वहीत फक्त दिवसच मांडता आले, वर्षं नाहीत, कारण मरणानं अचानक हिशेबाला बोलावलं. मालकहो, नफा किती, तोटा किती ते विचारताय? तुमचा नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा जीव गेला. पण पानाच्या दुसऱ्या बाजूला तो लिहू शकतो की मरण हा मला नफाच झाला. परदेशी प्रोजेक्टवर गेलेल्या आणि टाइमशीट भरणाऱ्या कुणालाही हे कळेल! कंपनीच्या वखारीत तरुण पोरं कशी मरत होती आणि मागे राहिलेले मालकांना उद्देशून काय बोलत होते, ते या चार-सहा ओळींत आहे. हा लेख जुन्या पुस्तकांत छापलेला आहे, म्हणून निदान त्याचा बॅकअप आहे. तुमच्या शहरातल्या एखाद्या सार्जंटच्या तीन वर्षांच्या मुलीचा लेख कुणी उतरवून घेतलाय का, हे कुणी तपासलंय? बहुतेक वेळा तो दगड हीच एकमेव प्रत असते.

आता त्या यादीकडे परत. ॲसिड संगमरवरावर टाकलं की फेस येतो आणि लोक खूश होतात, मळ निघतोय म्हणून. तो मळ नव्हे, दगडच विरघळतोय. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ॲसिड त्याला खातं. गुळगुळीत पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पुढच्या पावसाळ्यात शेवाळ दुप्पट धरतं. तारेचा ब्रश अक्षरांच्या कडा बोथट करतो, आणि त्याच्या तुटलेल्या तारा दगडात अडकून गंजाचे डाग सोडतात. काळा ऑइलपेंट त्याहून वाईट. रंगवणाऱ्याला लेखाची भाषा येत नसते, झिजलेल्या जागी तो अंदाजानं रेघ ओढतो, आणि मग ३चा ८ होऊन बसतो. पुढे येणारा प्रत्येकजण तोच आकडा खरा धरतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हा डेटा करप्ट करणं झालं, आणि तेही बॅकअप न घेता.

सिमेंटची गोष्ट जरा नीट समजून घेण्यासारखी आहे. सुरत काय, कलकत्ता काय, ही थडगी आतून विटांची आणि बाहेरून चुन्याच्या गिलाव्याची. जमिनीतली ओल विटांतून वर चढते आणि चुन्याच्या बारीक छिद्रांतून उडून जाते. चुना श्वास घेतो असं जुने गवंडी म्हणतात ते याच अर्थानं. त्यावर सिमेंटचा थर दिला की ओल आत अडकते. पाण्याबरोबर आलेले क्षार थराच्या मागे साठतात, त्यांचे खडे होतात, खडे फुगतात आणि विटेचा चेहराच फोडतात. काही वर्षांनी सिमेंटची अख्खी खपली सुटते आणि येताना विटेचा थर घेऊन येते. हे आधी ओळखता येतं. सिमेंटच्या पट्ट्याच्या वरच्या बाजूला ओलीचा डाग सरकलेला दिसतो, कडेला पांढरा भुरभुरीत लोणा धरतो, आणि बोटांच्या पेरांनी हलकेच वाजवलं तर भद्द, पोकळ आवाज येतो. तिथे अजून सिमेंट भरणं म्हणजे रोग्याला रोगच पाजणं.

मग करायचं काय? आधी वाचा. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं पडलं असताना जा. दुपारी कोरी दिसणारी पाटी तिरप्या उजेडात बोलायला लागते. ऊन येत नसेल तर बाजूनं आरसा धरा. खडू घासू नका, पीठ चोळू नका. लेख ओळीनं ओळ उतरवा, जिथे दगडावर ओळ तुटते तिथेच तोडा, स्पेलिंग चुकलेलं असलं तरी सुधारू नका, आणि न दिसणारं अक्षर कंसात टाका, मनानं भरू नका. शिशाची अक्षरं बसवलेली असतील आणि शिसं चोरीला गेलं असेल तरी नाउमेद होऊ नका. ते शिसं अडकवायला पाडलेली बारीक भोकं राहतात आणि त्यांच्या मांडणीवरून अक्षर बऱ्याचदा ओळखता येतं. लेखाबरोबर अख्ख्या थडग्याचे चारी बाजूंनी फोटो आणि कबरस्तानातली जागा हेही नोंदवा. दक्षिण आशियातल्या युरोपीय कबरस्तानांसाठी १९७६ मध्ये लंडनमध्ये बाक्सा नावाची संस्था निघाली, तिनं जमवलेल्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तुमची नोंद तिकडे नवी ठरू शकते.

धुवायचंच असेल तर जागेच्या मालकाची, म्हणजे चर्चची किंवा कबरस्तान समितीची परवानगी घ्या. साधं पाणी, मऊ ब्रश, खालून वर. दगडाचे पापुद्रे निघत असतील तर तेही नको. पिंपळ उपटू नका, मुळांबरोबर विटा येतात. बुंधा कापा, मूळ आत मरू द्या, आणि फट चुन्यानं भरायचं काम चुन्यात हात बसलेल्या गवंड्याला द्या. सुरतेसारखी केंद्र सरकारच्या संरक्षणातली जागा असेल, तर हात लावायचाच नाही. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर २०१०च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, आणि 'आम्ही टी-शर्ट घालून आलो होतो' हा बचाव चालेल असं वाटत नाही :)

राहिले पहिले, 'पडू देत'वाले. त्यांना एवढंच विचारतो की ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्याविरुद्धचा पुरावा आपणच का पुसावा? फर्मानाची वाट बघणारे व्यापारी रोमन कधी झाले, हे त्यांनी स्वतःच्या हातानं आपल्या मातीत उभं करून ठेवलंय. प्रेम करायला कुणी सांगत नाही. कागदपत्र फाडू नका, एवढंच.

आणि मोहीमवाल्यांनो, शनिवारी जरूर जा. फक्त ॲसिडची बाटली बाथरूममध्येच राहू द्या आणि वही-पेन्सिल, एक आरसा, कॅमेरा घेऊन जा. चार तासांत चारच थडगी होतील आणि परत येताना ती होती तितकीच काळी दिसतील. दिसू देत.