मशीन बंद दिसते तिथे तोटा नसतो

पाऊच मशीनची ओईई कमी आली की मिलमध्ये दोन सल्ले हमखास ऐकू येतात. फिटर म्हणतो, ब्रेकडाऊनची वही काढा, सर्वांत मोठी नोंद आधी संपवा. हिशेब ठेवणारा म्हणतो, तिन्ही घटकांत जो आकडा सर्वांत खाली आहे त्याला धरा. दोन्ही सल्ले समंजस वाटतात आणि माझ्या मते दोन्ही चुकीच्या जागी नेऊन सोडतात. हे आकड्यांनिशीच दाखवावं लागेल.

जागा शिरूर अनंतपाळ धरू. आजूबाजूचा सगळा पट्टा तूर-सोयाबीनचा, शेजारच्या निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एक किलोच्या पाऊचमध्ये तूरडाळ भरणारं उभं एफएफएस मशीन घ्या: वर हॉपर, खाली कप फिलर, कॉलरवरून येणारी फिल्म नळीभोवती गुंडाळली जाते, उभं सील होतं, मग आडवे जॉ बंद होतात आणि सुरी पाऊच कापते. पुढचे आकडे कुठल्या खऱ्या मिलचे नाहीत, हिशेबासाठी धरलेले आहेत, पण अशा मशीनजवळ पाळीभर उभं राहिलेल्याला ते ओळखीचे वाटतील.

पाळी आठ तासांची. जेवण आणि चहाचा अर्धा तास वजा केला की नियोजित वेळ ४५० मिनिटं. त्यात वीज गेली म्हणून २५ मिनिटं, रोल बदलणं आणि वजन बदलून लावणं यात ४०, हीटर जळाला त्यात २५, म्हणजे ९० मिनिटं मशीन बंद. राहिली ३६० मिनिटं, उपलब्धता ८० टक्के. मशीनचा वेग मिनिटाला ३० पाऊच, म्हणजे ३६० मिनिटांत १०,८०० व्हायला हवे होते, निघाले ७,५६०. गतीचा घटक ७० टक्के. त्यातले ३७८ सील गळालं म्हणून बाजूला पडले, चांगले उरले ७,१८२. गुणवत्ता ९५ टक्के. तिन्हींचा गुणाकार ५३.२ टक्के.

```
ओईई = चांगले पाऊच ÷ (नियोजित मिनिटं × आदर्श वेग)
    = ७,१८२ ÷ (४५० × ३०) = ५३.२%
```

गुणाकार न करताही हेच उत्तर येतं, आणि ताळा म्हणून हे दुसरं सूत्र मला जास्त प्रामाणिक वाटतं, कारण त्यात लपवायला दोनच जागा उरतात. मालकाच्या टेबलावर ५३ नको वाटतो, तेव्हा त्याच दोन जागा वापरल्या जातात. ‘आपलं मशीन पंचवीसच्या वर कधी चालतच नाही’ असं म्हणून आदर्श वेग २५ धरला की ओईई ६३.८ होते. त्यावर रोल बदलायची ४० मिनिटं ‘ती तर लागणारच’ म्हणून नियोजित वेळेतून काढली की ती ७० वर जाते. शेडमध्ये एक पाऊचही जास्त निघालेला नसतो.

असा खेळ करायचा मोह ८५ या आकड्यामुळे होतो. टीपीएमचे प्रवर्तक सेइची नाकाजिमा यांनी ९० टक्के उपलब्धता, ९५ टक्के गती आणि ९९ टक्के गुणवत्ता अशी मापं ठेवली, त्यांचा गुणाकार ८५च्या जवळ जातो. जपानच्या कारखान्यांच्या अनुभवातून आलेलं ते माप होतं. दिवसाला तीनदा वजन बदलणाऱ्या डाळ मिलला ते लावून पास-नापास ठरवण्यात अर्थ नाही. ५३ चा उपयोग एवढाच की पुढच्या महिन्यात त्याच पद्धतीने काढलेल्या आकड्याशी त्याची तुलना करता येते.

आता पहिला सल्ला. ब्रेकडाऊनच्या वहीत हीटरची नोंद ठळक असते, कारण त्यासाठी फिटर आला, सुटा भाग आला, मालकाला फोन गेला. पण टक्के सोडून तोटा मिनिटांत मांडा. मशीन बंद राहण्याचा तोटा ९० मिनिटं, त्यात हीटरचा वाटा २५. गळक्या पाऊचांचा तोटा ३७८ भागिले ३०, साडेबारा मिनिटांच्या आसपास. आणि मशीन ‘चालू’ असताना गेलेली मिनिटं १०८. सर्वांत मोठा तोटा वहीत नाहीच, कारण त्या सगळ्या वेळात मशीन चालू आहे असंच सगळे समजत होते.

म्हणजे दुसरा सल्ला बरोबर ठरला, असं हिशेबनीस म्हणेल. गती ७० टक्के, सर्वांत खालचा आकडा, तिथेच मोठा तोटा. उत्तर जुळलं हे खरं, पण ‘गती’ या एका आकड्यात दोन वेगळे तोटे कोंबलेले आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत. ते वेगळे करायला मशीनच्या पॅनलवर लावलेला वेग पाहायचा. तो २५ असेल, तर ७,५६० पाऊचांना ३०२.४ मिनिटं लागली. ३६० मधून ती वजा केली की ५७.६ मिनिटं बारीक थांब्यांची. उरलेली ५०.४ मिनिटं वेग कमी ठेवल्याची. बेरीज १०८, हिशेब बसला.

इथे सरळ वाटणारी चाल म्हणजे नॉब फिरवून वेग ३० करणं. ती चाल मी चुकीची मानतो. ऑपरेटरने वेग २५ वर आळसाने ठेवलेला नाही. तीसवर चालवलं की नळीतून पडणाऱ्या डाळीचं शेवटचं शेपूट खाली पोचण्याआधीच जॉ मिटतात, दाणा सीलमध्ये चिमटतो आणि पाऊच गळतो. कमी वेग हा त्याने शोधलेला इलाज आहे. आजार तसाच ठेवून इलाज काढून घेतला तर ३७८ गळक्यांचे हजार व्हायला वेळ लागणार नाही, आणि महिनाअखेरीस ‘गुणवत्ता घसरली’ म्हणून बोलणी त्यालाच बसतील.

म्हणून माझं म्हणणं: आधी बारीक थांबे धरा. ते फक्त मिनिटांत मोठे आहेत म्हणून हे म्हणत नाही. त्यांच्या मुळाशी जे आहे तेच वेगाच्या आणि गळतीच्याही मुळाशी सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून म्हणतो. ही शक्यता तपासायला सेन्सर किंवा सॉफ्टवेअर लागत नाही. मशीनवर काम नसलेल्या एका माणसाने कागद घेऊन उभं राहायचं आणि प्रत्येक थांब्याला कारणाखाली एक रेघ मारायची. ऑपरेटरला नंतर विचारून भागत नाही. पाऊण मिनिटात स्वतःच निस्तरलेला थांबा त्याच्या लेखी थांबाच नसतो. विचारलं तर म्हणेल, “कुठं बंद होती हो, दाणा यायलाय सीलमधी, तेवढा काढलो.”

सरासरी ४५ सेकंद धरले तर ५७.६ मिनिटं म्हणजे पाळीत ७७ थांबे. समजा रेघा अशा पडल्या: सीलमध्ये दाणा किंवा पावडर ४१, फिल्मवरची छापील खूण डोळ्याने चुकवली १६, हॉपरच्या तोंडाशी डाळ अडकली १२, बाकी ८. नुसत्या दाण्यापायी अर्धा तास गेला. त्या वेळात ऑपरेटर मशीन थांबवतो, जॉ पुसतो, चिकटलेलं प्लॅस्टिक पितळी ब्रशने काढतो, दोन रिकामे पाऊच सोडतो आणि पुन्हा सुरू करतो.

पुढचं पाहणं जॉच्या उंचीवर डोळे नेऊनच होतं. वीस-पंचवीस गळके पाऊच फाडून सीलची पट्टी उजेडात धरायची. अख्खा दाणा दिसला तर डाळ उशिरा पडते आहे. तेव्हा कप उघडण्याची आणि जॉ मिटण्याची वेळ जुळवावी लागते, पडण्याची उंची कमी करावी लागते किंवा नळीच्या तळाशी झडप बसवावी लागते. दाणा नाही पण पट्टी धुरकट, पांढरट दिसली तर पावडर फिल्मला आतून चिकटते आहे. मग उपाय मशीनवर नाही, हॉपरच्या आधी आहे. चाळणी आणि हवेने चुरी काढण्याची व्यवस्था नीट चालते का ते बघायचं. पट्टी स्वच्छ असून सुटते तर तापमान, दाब किंवा रोलची प्रत तपासायची. तीन वेगळे आजार आहेत आणि ओईईच्या कागदावर तिन्हींचं नाव ‘गुणवत्ता ९५’ एवढंच.

दाण्याच्या ४१ थांब्यांपैकी २७ गेले तर वीस मिनिटं परत आली, त्याच २५च्या वेगाने पाचशे पाऊच जास्त. गळके दीडशेवर आले तर चांगले पाऊच ७,९१०, ओईई ५८.६. आणि नॉबला हात लावायची वेळ आता येते. वेग २८ वर नेऊन गळती दोन टक्क्यांत राहिली तर ओईई ६५ च्या पुढे जाते. क्रम उलटा केला असता तर हे मिळालं नसतं.

विजेचं काय, असं कुणी विचारेलच. ती २५ मिनिटं आपल्या हातात नाहीत म्हणून हिशेबातून वगळावीत, हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. वीज आठ मिनिटांसाठी गेली असेल, तर उरलेली सतरा जॉ पुन्हा तापायला आणि ऑपरेटर परत यायला गेली. आठ आपली नाहीत, सतरा आहेत. वगळून टाकलं की दोन्ही दिसेनाशी होतात.

या सगळ्याला एक अट आहे आणि ती मोडली तर वरचं मंडन कोसळतं. मिलमधून पाळीला सात टनच डाळ येत असेल, तर आत्ताच ७,१८२ पाऊच भरणारं मशीन मिलची वाट पाहतं आहे. मग वाचवलेली वीस मिनिटं कुणाला विकणार? अशा वेळी पहिला हल्ला ओईईच्या बाहेरच्या तोट्यावर हवा. कप फिलर आकारमानाने मोजतो, दाण्याचा आकार बदलला की वजन हलतं, आणि कमी भरू नये म्हणून ऑपरेटर कप थोडा मोठाच ठेवतो. सरासरी १,००६ ग्रॅम भरलं गेलं तर ७,१८२ पाऊचांत ४३ किलो डाळ फुकट गेली. किलोला १२० रुपये धरले तर पाळीला पाच हजारांच्या वर. ओईई या प्रत्येक पाऊचला ‘चांगला’ म्हणते.

मात्र तिथेही कप नुसता लहान करून चालत नाही. २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांत एक किलोला १५ ग्रॅमपर्यंतची घट एखाद्या पाऊचमध्ये चालते, पण नमुन्याची सरासरी लिहिलेल्या वजनाखाली जाता कामा नये. आधी वजनाचा विस्कळितपणा कमी करायचा: हॉपरमधली पातळी एकसारखी ठेवायची, प्रत बदलली की कप पुन्हा लावायचा, दर अर्ध्या तासाला पाच पाऊच काट्यावर ठेवून लिहायचे. ते आकडे एकमेकांजवळ आले की मगच कप एकेक ग्रॅमने खाली आणायचा.