‘घरबसल्या काहीतरी कर’ म्हणणाऱ्यांना



मागच्या दशलक्षण पर्वात आमच्या महिला मंडळाने एका तरुण मुलीला शिलाई मशीन भेट दिलं. नवरा गेलेला, पदरात दुसरीतला मुलगा. टाळ्या झाल्या, फोटो झाले. माइकवर एक ताई म्हणाल्या, “आता घरबसल्या काहीतरी कर, मुलाकडेही लक्ष राहील.” मीही टाळ्या वाजवल्या. आज लिहिते आहे ते त्या टाळ्यांबद्दल.

ती मुलगी आमच्या नात्यातली. नाव लिहीत नाही, गाव सांगलीच. चार महिन्यांनी मी तिच्याकडे गेले तेव्हा मशीनवर इस्त्रीचे कपडे ठेवले होते. मला राग आला. पण बी.कॉम. होऊन जन्मभर घराचे हिशेब लिहिलेली मी बाई, राग बोलून दाखवण्याआधी वही मागितली. तिच्याकडे वही होती. दोन वर्षांत तिने काय काय करून पाहिलं ते तिने आकड्यांत लिहून ठेवलं होतं. ती वही वाचल्यावर ‘घरबसल्या’ हा शब्द माझ्या तोंडून पुन्हा निघालेला नाही.

आधी शाळेचं गणित. मुलाची शाळा नऊ ते दोन. राज्य शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. मुलांची झोप पूर्ण होते, चांगलंच झालं. पण मुलाला सोडून येईपर्यंत साडेनऊ, आणि आणायला पावणेदोनला निघायचं, म्हणजे तिच्या हातात सलग चार तास उरतात. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास सांगितले आहेत. प्रत्यक्षात शाळा थोडे जास्त दिवस भरते. पण दुकान वर्षाला तीनशेच्या वर दिवस उघडं असतं. म्हणजे ऐंशी-नव्वद दिवस असे, की दुकान उघडं आणि शाळा बंद. आजारपण यात धरलेलंच नाही.

पहिल्यांदा तिने साडीच्या दुकानात नोकरी धरली. दहा ते आठ, पगार १२,०००. दोननंतर मुलगा पाळणाघरात, त्याचे ३,५००, शाळेतून तिथे सोडणाऱ्या रिक्षाचे ९००. हातात उरले ७,६००. तेही मुलगा ठणठणीत असेल तर! ताप आलेलं मूल पाळणाघर घेत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे, बाकीच्या मुलांना लागण होते. म्हणजे त्या दिवशी पाळणाघराचे पैसे चालूच आणि दुकानातला दिवसाचा ४६० रुपये पगारही कापला. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे खरी, पण ती थोडे कामगार असलेल्या लहान दुकानांना लागू नाही. तिच्या दुकानात सहाजण होते. ऑगस्टमध्ये मुलगा तीनदा आजारी पडला. तिसऱ्या वेळी सकाळी तापाचं औषध पाजून तिने त्याला शाळेत पाठवला. साडेअकराला शाळेतून फोन आला, औषधाचा अंमल उतरून पोराचं अंग पुन्हा भाजत होतं. ती दुकानातून निघाली ती कायमचीच. मालक म्हणाले, “ताई, तुमची अडचण कळते, पण मलाही गिऱ्हाईक आहे.”

मग घरबसल्या. आपल्याकडे पहिला सल्ला डब्यांचा. कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही, पाणी गाळून, आणि डबा सूर्यास्ताच्या आत हातात. शिकायला आलेल्या आपल्या मुलांना असा डबा हवाच असतो. तिला बारा डबे मिळाले, महिन्याला १,८०० रुपयांचा एक. २६ दिवसांनी भागलं तर डब्यामागे ६९ रुपये. किराणा, भाजी, गॅस आणि पोचवणाऱ्या मुलाचे मिळून ४२. उरले २७. बारा डब्यांचे दिवसाला ३२४, महिन्याला साधारण ८,४००. भाजी आणण्यापासून भांडी घासण्यापर्यंत रोजचे पाच तास, तासाला पासष्ट रुपये. वर अंधार पडायच्या आत काम संपतं. मला वाटलं, जमलं की हिचं.

जुलैत मुलाला चार दिवस १०२-१०३ ताप होता. स्वयंपाक सोडून ती दवाखान्यात. चार दिवस डबे बंद. चार दिवसांचे १,३०० रुपये गेले, तेवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी. पण जेवायची वेळ कुणासाठी थांबत नाही. बारातल्या पाचजणांनी दुसरी मेस धरली आणि ते परत आले नाहीत. पाच डब्यांचे दरमहा साडेतीन हजार गेले, आणि नवीन गिऱ्हाईक मिळायला दिवाळीनंतरचं सत्र उजाडलं. उरलेल्या सातांत दोन घरं आपल्याच मंडळातली होती. त्यांनी दोन महिने पैसे दिले नव्हते. “आपल्यातलीच आहे, देऊ की,” हे वाक्य तिने वहीत तारखेसह लिहून ठेवलं आहे.

इथे मला माझी चूक कळली. काम घरात आहे की बाहेर, हाच प्रश्न आपण विचारतो, आणि तो प्रश्नच चुकीचा आहे. एकट्या आईने विचारायचं ते हे, की हे काम तीन दिवस थांबू शकतं का? आणि थांबलं तर माझा दिवस बुडतो, की गिऱ्हाईकच बुडतं? डबा घरातलं काम आहे, पण तो एक संध्याकाळही थांबत नाही. लग्नसराईतला ब्लाऊजही थांबत नाही, म्हणून ते मशीन इस्त्रीच्या कपड्यांखाली गेलं.

लिज्जत पापडाची गोष्ट आपण सगळ्या कौतुकाने सांगतो. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन ते काम सुरू केलं. पण त्यातलं मर्म सांगत नाही. सकाळी भिजवलेलं पीठ घेऊन जायचं, घरी लाटायचं, वाळवलेले पापड दुसऱ्या दिवशी द्यायचे आणि वजनावर लाटणावळ घ्यायची. गिऱ्हाईक संस्थेचं. एखाद्या दिवशी बाई गेली नाही तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, गिऱ्हाईक तुटत नाही. पापड लाटणं घरी होतं म्हणून ते काम बायकांना झेपलं असं आपण समजतो. माझ्या मते ते झेपलं, कारण आजारपणाचा भार एकटीच्या डोक्यावर नव्हता.

आता ती काय करते ते सांगते. बारावी कॉमर्स आणि टॅली झालेलं होतं, ते आम्ही दोघींनी बाहेर काढलं. मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका पेढीवर ती दहा ते दीड बसते, ७,००० मिळतात. शिवाय तीन लहान दुकानांच्या नोंदी घरी करते, प्रत्येकी १,०००. मिळून दहा हजार, तास मोजले तर तासाला पंचाऐंशी रुपये. मुलाला ताप आला तर पेढीवरची बिलं फोटो काढून तिच्या फोनवर येतात, ती रात्री भरते.

यातही एक खाच आहे. दरमहा जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याचं विक्रीचं विवरणपत्र ११ तारखेला जातं आणि कराचं २० तारखेला. चुकलं की दिवसाला पन्नास रुपये दंड, कर राहिला असेल तर वर व्याज. मूल नेमकं १० तारखेला आजारी पडलं तर? म्हणून तिने आधीच ठरवून घेतलं, की बिलं ५ तारखेपर्यंत द्यायची, ती ८ला काम संपवणार. मधले तीन दिवस मुलाच्या तापासाठी राखीव. एका दुकानदाराने दोनदा ९ तारखेला पिशवी आणून दिली. तिने ते काम सोडलं आणि दुसरं धरलं. हे प्रत्येकीला जमणार नाही हे मला ठाऊक आहे, शिक्षण लागतं. पण तीन दिवसांची ती सोय कोणत्याही कामात आपण करून देऊ शकतो, आणि देत नाही, हे माझं भांडण आहे.

“आम्ही नाही का पोरं वाढवली?” असं एका काकूंनी मला ऐकवलं. वाढवली ना! माझ्या मुलाला कांजिण्या झाल्या तेव्हा सासूबाई उशाशी बसल्या होत्या आणि जाऊ स्वयंपाक करत होती. आपण त्याला आपलं कर्तृत्व म्हणतो. हिच्या घरात ती दोन माणसं नाहीत, एवढाच फरक.

सम्यग्दर्शनाची आठ अंगं आपण पाठशाळेत घोकली. शेवटचं प्रभावना, त्यावर आपण मंडप घालतो, फलक लावतो, मशीन देतो. त्याच्या आधीची दोन, स्थितीकरण आणि वात्सल्य, म्हणजे डळमळणाऱ्याला सावरणं आणि साधर्मीवर गाय वासरावर करते तशी माया करणं, ती मात्र परीक्षेपुरती. मंगळवारी सकाळी पोराला ताप आला तर त्याच्याजवळ कोण बसणार, याचं उत्तर मंडळाकडे नसेल तर आपलं वात्सल्य कुठे आहे?

मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवल्या आहेत. चालत पोचता येईल अशा तीन बायकांची नावं अशा प्रत्येक आईजवळ असावीत, आणि मुलाला कोण नेऊ शकतं याचं फोटोसह पत्र जूनमध्येच शाळेत देऊन ठेवावं, नाहीतर ऐनवेळी फाटकावर मूल ताब्यात देत नाहीत. डबा घेणाऱ्यांनी पैसे १ तारखेला द्यावेत, आणि डबेवाल्या दोघींनी एकमेकींची गिऱ्हाइकं आजारपणात सांभाळावीत, म्हणजे कुणाचं घर तुटणार नाही. आणि ज्यांच्या घरच्या पेढ्या-दुकानं आहेत त्यांनी दहा ते दीडची एक जागा काढावी. देणगी म्हणून नको, पगार म्हणून.

तिसऱ्या मुद्द्यावर बैठकीत शांतता पसरली. मशीनच्या वेळी पावती पुस्तक लगेच फिरलं होतं.

पहिल्या यादीत पहिलं नाव माझं आहे. मागच्या गुरुवारी फोन आला, मी गेले. पोरगं माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलं, ती साडेनऊला निघाली, दीडला आली. तिचा दिवस बुडाला नाही. मला खर्च आला तो एका दुपारच्या झोपेचा.